दहा बुकिंगांच्या टाळ्या

‘बुकिंग आणा, पैसा मागोमाग येतोच.’ पुण्यामुंबईतल्या बिल्डरांच्या कार्यालयांत सोमवारच्या साप्ताहिक बैठकीत हे वाक्य इतक्या वेळा उच्चारलं जातं की नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला तो रेराचाच एखादा नियम वाटावा. बैठकीचा क्रमही ठरलेला असतो. पडद्यावर पहिला आकडा बुकिंगचा, शेजारी मागच्या आठवड्याचा, त्यापुढे वर जाणारा हिरवा बाण. सेल्स हेड उभा राहून बोलतो, टाळ्या होतात, आठवड्यात सर्वाधिक फ्लॅट विकणाऱ्या मुलीला पेढ्यांचा बॉक्स मिळतो. सगळं आटोपल्यावर, साहेबांचा फोन वाजत असताना, अकाउंट्सचा माणूस शेवटच्या पानावरचा कलेक्शनचा एक आकडा वाचून दाखवतो. तो कमी असला की त्याला विचारतात, ‘काय हो, वसुलीचं काय?’ जास्त असला की कुणी काही विचारत नाही.

या पद्धतीमागे एक पक्कं मत आहे आणि ते मांडणारी माणसं मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं असं. बांधकाम व्यवसाय विक्रीवर चालतो. फ्लॅट विकला गेला की करारात हप्ते ठरलेले असतात, इमारत वर चढेल तसे ते देय होतात, ग्राहकाने गृहकर्ज घेतलेलं असतं, बँक पैसे सोडते. यात बघायचं काय? वसुली हा कारकुनी भाग, तो महिन्याच्या शेवटी पाहावा. दर आठवड्याला टप्पानिहाय तक्ते मागणं म्हणजे सीआरएमच्या मुलांना एक्सेलमध्ये कोंडणं आणि ग्राहकाच्या मागे तगादा लावणं. हवं तर कलेक्शनची टक्केवारी द्या, एका ओळीत.

या मताचा मला कंटाळा आला आहे, कारण ते चुकीचं असून अत्यंत सोयीचं आहे. बिल्डरांच्या कार्यालयांत मी एमआयएसची कामं बरीच वर्षं केली आणि हे तक्ते आतून पाहिले. म्हणून हवेत न बोलता एक हिशोबच मांडतो. इमारत काल्पनिक आहे, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. पण असा तक्ता मला कुठल्याही चालू प्रकल्पात दाखवता येईल.

समजा, ताथवड्याला एक वीस स्लॅबची, १२० फ्लॅटची इमारत चालू आहे. फ्लॅटची करारातली किंमत सरासरी ८० लाख. ६० फ्लॅटचे करार मागेच नोंदवले गेले आहेत. आठवा स्लॅब नुकताच पडला. या आठवड्याचा अहवाल सांगतो : बुकिंग १०, मूल्य ८ कोटी. कलेक्शन २ कोटी ४५ लाख. एकूण वसुली ४८ टक्के. टाळ्या.

आता पहिला दावा : बुकिंग म्हणजे विक्री. खरंच? या दहा जणांनी प्रत्येकी एक लाख रुपयांचं टोकन दिलं आहे. म्हणजे ८ कोटींच्या ‘विक्री’चे हातात आले दहा लाख. यांतल्या दोघांची कर्जाची पात्रता अजून कुणी तपासलेली नाही, एकाच्या बायकोने फ्लॅट पाहिलेला नाही, आणि एकाने समोरच्या प्रकल्पातही टोकन देऊन ठेवलं आहे. सुपारी फुटली की लग्न लागलं असं आपण घरी मानत नाही; कार्यालयात मात्र बिनदिक्कत मानतो. आणि याच आठवड्यात आधीची चार टोकनं परत गेली, त्यांची ओळ कुठे आहे? ती अहवालात नाही, कारण ‘कॅन्सलेशन महिन्याअखेरीस वजा करतो’. एखाद्याने सातव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून अकराव्यावरचा घेतला की ते नवं बुकिंग म्हणून मोजलं जातं आणि जुनं रद्द झाल्याची नोंद आठवडाभर सापडत नाही. अशा हिशोबात बारा जणांच्या हातात चौदा फ्लॅट जातात.

पण खरी चूक त्याहून मोठी आहे आणि ती कायद्याच्या कलमातच लिहिलेली आहे. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं की, विक्रीचा करार लेखी करून नोंदवल्याशिवाय विकसकाला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारात पुढचे टप्पे दिले आहेत. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०; मग भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारंखिडक्या यांवर ७५, असं चढत चढत ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना. स्लॅबांचे २५ टक्के आपल्या इमारतीत दर दोन स्लॅबना अडीच टक्के असे वाटले आहेत. म्हणजे आठव्या स्लॅबला देय रक्कम झाली ५५ टक्के.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आज जो ग्राहक फ्लॅट घेतो, त्याच्यासाठी प्लिंथ आणि आठ स्लॅब आधीच झालेले आहेत. करार नोंदवला गेला की त्याच्याकडून ५५ टक्के, म्हणजे ४४ लाख मागता येतात. नोंदवला नाही तर १० टक्के, म्हणजे ८ लाख. मधले ३६ लाख केवळ एका नोंदणीवर अडकलेले असतात. आणि आपल्या इमारतीत, या आठवड्याचे दहा सोडून, मागच्या दोनतीन महिन्यांत बुक झालेले पण करार न झालेले चौदा फ्लॅट आहेत. सगळ्यांनी १० टक्के भरलेत असं उदारपणे धरू. चौदा गुणिले ३६ लाख म्हणजे ५ कोटी ४ लाख. ही रक्कम थकबाकीत दिसत नाही, कारण ती मागितलेलीच नाही. मागण्याचा अधिकारच नाही. कलेक्शनमध्ये दिसत नाही, कारण आलेली नाही. दिसते फक्त एका ठिकाणी, बुकिंगच्या जुन्या टाळ्यांमध्ये. आणि इमारत जसजशी वर जाते तसतशी नोंदणीच्या प्रत्येक दिवसाच्या उशिराची किंमत वाढत जाते. प्लिंथच्या आधी करार रेंगाळला तर जास्तीत जास्त २० टक्के अडकतात. विसाव्या स्लॅबला ६० टक्के अडकतील.

मग सांगा, या आठवड्याची खरी बातमी कोणती? दहा टोकनं की, कुठल्याच पडद्यावर न आलेली ही गोष्ट की याच आठवड्यात आधीच्या सहा ग्राहकांचे करार हवेली तालुक्याच्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले गेले? त्या सहा नोंदणींमुळे पुढच्या आठवड्यात २ कोटी १६ लाखांची मागणी काढता येणार आहे. दहा टोकनांनी आले दहा लाख. ग्राहकाला दोनदा फोन करून पॅनकार्डाची प्रत मागवणारी, मुद्रांक शुल्काचं चलन भरून घेणारी, नोंदणीची वेळ मिळवणारी सीआरएमची मुलगी बैठकीला बोलावलेलीसुद्धा नसते. पेढे भलत्याच टेबलावर जातात.

सेल्सचे लोक यावर म्हणतात, ‘करार होईलच हो, ग्राहक पळतोय कुठे?’ तो पळत नसेलही. पण चौदांपैकी किती जणांकडे बँकेचं सँक्शन लेटर आहे, किती जण जुनं घर विकलं जायची वाट बघताहेत, किती जणांना वचन दिलेलं पार्किंग करारात सापडत नाही म्हणून सही अडली आहे, हे त्यांना विचारा. उत्तर येत नाही. चॅनेल पार्टनरला दलाली मात्र टोकनावर हवी असते. ज्या कंपन्या ती नोंदणी आणि १० टक्क्यांनंतरच देतात, तिथे करार आश्चर्यकारक वेगाने होतात, हा काय योगायोग म्हणायचा?

दुसरा दावा : कलेक्शनचा एक आकडा पुरे. घ्या, हा घ्या २ कोटी ४५ लाखांचा आकडा. यात ३५ लाख ४० हजार त्या सहा ग्राहकांच्या मुद्रांक शुल्काचे आणि नोंदणी फीचे आहेत. पुण्यात ७ टक्क्यांनी ८० लाखांवर ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. हे पैसे कंपनीच्या खात्यात एका हाताने आले आणि दुसऱ्या हाताने सरकारकडे गेले. ते ‘कलेक्शन’ कसे? उरलेल्या २ कोटी १० लाखांत १० लाख जीएसटीचे. तेही आपले नव्हेत. राहिले २ कोटी. त्यातले १ कोटी ४० लाख रेराच्या नियमानुसार वेगळ्या खात्यात जातात आणि जमीन व बांधकामाच्या खर्चापुरते, तेही आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या प्रमाणपत्रांनंतर, कामाच्या प्रमाणात बाहेर येतात. संचालकांना मोकळेपणाने वापरता येतील असे उरले ६० लाख. पडद्यावर २ कोटी ४५ लाख पाहून जे साहेब त्याच दुपारी दुसऱ्या जागेच्या बयाण्याचा चेक लिहितात, त्यांना हे कुणी सांगायचं?

या २ कोटींच्या पोटात शिरलं की आणखी एक गोष्ट दिसते. १० लाख नव्या टोकनांचे. ४२ लाख सहा नव्या करारांचे, टोकन वजा जाता प्रत्येकी ७ लाख. ८० लाख जुन्या ग्राहकांनी आधीच्या स्लॅबांच्या मागण्यांपोटी भरलेल्या चाळीस हप्त्यांचे, प्रत्येकी २ लाख. आणि ६८ लाख फक्त दोन फ्लॅटचे. हे दोघं कित्येक महिने अडकलेले होते. कर्ज मंजूर झालं आणि बँकेने प्रत्येकी ३४ लाख एकदम सोडले. हे ६८ लाख पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार नाहीत. पण एका आकड्याच्या अहवालात पुढच्या सोमवारी घसरण दिसेल, लाल बाण येईल, आणि अकाउंट्सच्या माणसाला कलेक्शन का पडलं म्हणून झापलं जाईल. पडलं काहीच नाही. गेल्या आठवड्यात दोन जुने खिळे निघाले, एवढंच.

टीडीएसचं एक किरकोळ वाटणारं दुखणंही याच खात्यातलं. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या फ्लॅटवर ग्राहक प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून सरकारजमा करतो. त्याचं प्रमाणपत्र खात्याशी जुळवलं नाही तर प्रत्येक सज्जन ग्राहक एक टक्क्याचा थकबाकीदार दिसतो. आपल्या इमारतीत आतापर्यंतच्या साधारण २३ कोटींवर ही खोटी थकबाकी २३ लाखांची झाली असती. अशा यादीवरून फोन गेले की ग्राहक संतापतो आणि त्याचं बरोबर असतं.

आता तिसरा दावा, माझ्या मते सर्वांत घातक : एकूण वसुली ४८ टक्के. हा आकडा कसा आला? साठ फ्लॅटचं करारमूल्य ४८ कोटी. आजवर आले २३ कोटी १० लाख. भागाकार केला, ४८ टक्के. इमारत अर्धी व्हायची आहे, पैसे निम्मे आलेत, सगळं सुरळीत. किती छान!

पण ४८ कोटी आज मागायचेच नाहीत. शेवटचे पाच टक्के ताब्याच्या वेळी मिळणार, ते आज छेदात कशाला? आज देय झालेली रक्कम म्हणजे ५५ टक्के, २६ कोटी ४० लाख. त्यातून २३ कोटी १० लाख वजा केले की बाकी ३ कोटी ३० लाख. देय रकमेच्या मानाने वसुली साडेसत्त्याऐंशी टक्के. विकलेल्या मूल्याशी लावलेली टक्केवारी इमारतीबरोबर आपोआप वाढते. थकबाकी दुप्पट झाली तरी ती वाढतच राहते, कारण नवे टप्पे नवे पैसे आणतात. जो आकडा रोग वाढला तरी सुधारतो, तो कुठल्या कामाचा?

आणि साडेसत्त्याऐंशीवरही थांबू नका. ३ कोटी ३० लाख म्हणजे काय, ते उलगडा. १ कोटी २० लाख आठव्या स्लॅबच्या मागणीचे आहेत. पत्र परवा गेलं, मुदत पंधरा दिवसांची, ही थकबाकी नव्हेच. उरले २ कोटी १० लाख. त्यांतले ४० लाख वीस ग्राहकांचे आहेत, प्रत्येकी सहाव्या स्लॅबचा एकेक हप्ता, २ लाख. बँकेकडे वाटपाचा अर्ज उशिरा गेला, सहअर्जदार परदेशात, सही बाकी, अशी नेहमीची कारणं. पंधरावीस दिवसांत ते येतील. आणि १ कोटी ७० लाख फक्त पाच फ्लॅटचे.

पाच. साठांपैकी पाच. प्रत्येकाने १० टक्के, म्हणजे ८ लाख भरून करार केला आणि नंतर काहीच नाही. सहाव्या स्लॅबपर्यंत देय साडेबावन्न टक्के, ४२ लाख. प्रत्येकी बाकी ३४ लाख. खऱ्या थकबाकीतले पाचातले चार हिस्से या पाच दारांमागे आहेत. बैठकीत ‘वसुली वाढवा’ असा हुकूम सुटतो तेव्हा मुलं काय करतात? साठच्या साठ ग्राहकांना फोन लावतात. पंचावन्न जणांना विनाकारण त्रास होतो आणि या पाच फ्लॅटचे मालक फोन उचलत नाहीत. ‘साप्ताहिक तक्त्याने ग्राहकाच्या मागे तगादा लागतो’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. तगादा लागतो तो तक्ता नसल्यामुळे. ज्याचा हप्ता पंधरा दिवसांच्या मुदतीत आहे आणि ज्याने आठ महिने पैसे दिले नाहीत, त्या दोघांना एकच सूर लावणारं कार्यालय ग्राहकांची काळजी घेतंय असं कुणी म्हणू नये.

या पाच फ्लॅटची कारणंही वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. एकाला एका बँकेने नाकारलं, कारण त्याच्या जुन्या वाहनकर्जाचे हप्ते चुकलेले. त्याला दुसऱ्या वित्तसंस्थेकडे न्यावं लागतं. एकाचं कर्ज मंजूर आहे, पण बँक म्हणते आधी स्वतःचा वाटा पूर्ण भरा, मग आम्ही सोडू. त्याच्याशी बँकेबद्दल नव्हे, त्याच्या मुदतठेवीबद्दल बोलायला हवं. एका फ्लॅटच्या दोन सहमालक भावांत वाद आहे. आणि दोन फ्लॅट एकाच गुंतवणूकदाराचे. त्याने १० टक्क्यांवर फ्लॅट अडवून ठेवले, ताब्याआधी चढ्या भावाने पुढे विकायचे म्हणून. हा मनुष्य कर्ज काढणार नाही आणि पैसेही भरणार नाही. त्याच्यासाठी करारातच वाट आहे : नमुना करारानुसार तीन हप्ते चुकवले की पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन विकसकाला करार संपवता येतो, आणि तोवरच्या उशिरावर व्याज मागता येतं. महाराष्ट्राच्या नियमात ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के असं आहे; ताब्याला उशीर झाला तर विकसकालाही हाच दर. मग ही नोटीस का जात नाही? कारण तो गुंतवणूकदार ‘साहेबांच्या ओळखीचा’ आहे आणि त्याचे दोन फ्लॅट बुकिंगच्या आकड्यात शोभून दिसतात. करार रद्द केला तर विक्री दोनने घटेल! ही त्या टाळ्यांची खरी किंमत. भरणाऱ्या ग्राहकाला विकता आले असते असे दोन फ्लॅट एका न भरणाऱ्याच्या नावावर, आकडा खाली येऊ नये म्हणून, गोठवून ठेवलेले.

आता ‘हा सगळा अकाउंट्सचा विषय’ हा युक्तिवाद. तो मला सर्वांत हास्यास्पद वाटतो, कारण मागणी जन्माला येते ती साइटवर. स्लॅब पडला ती तारीख साइट इंजिनिअरला ठाऊक. आर्किटेक्टचं प्रमाणपत्र त्यानंतर येतं. त्यावर सीआरएम मागणीपत्रं काढतं. मग पंधरा दिवस. समजा आठवा स्लॅब तीन तारखेला पडला, प्रमाणपत्र चौदाला आलं कारण कुणी मागितलंच नाही, आणि साठ पत्रं चोवीसला गेली कारण पत्रं काढणारा रजेवर होता. तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत ग्राहकाचा काही दोष नाही, बँकेचा नाही, अकाउंट्सचा तर नाहीच. १ कोटी २० लाख तीन आठवडे नुसते मागायचे राहिले. प्रकल्पाचं कर्ज १३ टक्क्यांनी असेल तर व्याजाचे सुमारे नव्वद हजार गेले. रक्कम छोटी वाटते ना? पण हे दर दुसऱ्या स्लॅबला होतं, आणि आरसीसी ठेकेदाराचं आरए बिल आठव्या स्लॅबनंतर लगेच येतं. ते थकलं की त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जातात, नववा स्लॅब लांबतो, म्हणजे पुढची मागणीही लांबते. पैसा थांबला म्हणून काम थांबलं असं सगळे सांगतात. मागायलाच उशीर केला म्हणून पैसा थांबला, हे कुणाच्याच पानावर नसतं. ते पानावर यायला फक्त तीन तारखा लागतात : स्लॅबची, प्रमाणपत्राची, पत्राची.

उलटा प्रकारही सांगून टाकतो, कारण तो हुशार लोक करतात. तिमाही संपत आली की काही ठिकाणी स्लॅबचं सेंट्रिंग चालू असतानाच मागणीपत्रं सुटतात. आकडा फुगतो, आठवडा गाजतो. मग बँकेचा तांत्रिक अधिकारी साइटवर येतो, सळया मोजतो आणि वाटप रोखतो. बांधकामाच्या टप्प्यानुसारच गृहकर्ज सोडावं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं आहे, त्यामुळे तो काही मेहरबानीवर काम करत नाही. एकदा असं झालं की त्या बँकेकडून त्या इमारतीची प्रत्येक पुढची फाइल सावकाश सरकते, प्रामाणिक ग्राहकांचीसुद्धा. स्लॅबच्या तारखेआधीची मागणीची तारीख तक्त्यात लगेच दिसते. म्हणूनच काही जणांना तो तक्ता नको असतो, असा माझा संशय आहे.

राहिला ‘आठवड्याला कशाला, महिन्याला पाहू’ हा मुद्दा. मागणीची मुदत पंधरा दिवसांची आहे. महिन्याने पाहणाऱ्याला प्रत्येक मागणी प्रथम दिसते तेव्हा ती बहुधा थकलेली असते. मुदतीच्या आत, अर्ज बँकेत गेला की नाही एवढं विचारून जे काम होतं, ते मुदतीनंतर वाद घालून करावं लागतं. आठवडा हा माप म्हणून कुणाच्या लहरीने आलेला नाही, पंधरा दिवसांत दोनदा डोकावता यावं म्हणून आला आहे.

हां, एक गोष्ट मान्य करतो, आणि ती बुकिंगवाल्यांना आवडणार नाही. आठवड्याच्या आठवड्याला तुलना करू नये असा आकडा या अहवालात एकच आहे, आणि तो बुकिंगचा. पितृपक्षात टोकन कोण देतं? दसऱ्याला, पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला रांगा लागतात. त्यांतले कित्येक जण आधी पंधरा दिवस फक्त मुहूर्ताची वाट बघत असतात. दसऱ्याच्या आठवड्याची तुलना सर्वपित्री अमावास्येच्या आठवड्याशी करून हिरवा बाण काढणं हे पंचांग वाचणं झालं, व्यवसाय पाहणं नव्हे. म्हणजे गंमत पाहा : जो आकडा आठवड्याने सर्वांत कमी बोलतो तो पहिल्या पानावर, आणि जो आठवड्यानेच पाहावा लागतो तो शेवटच्या पानावर, एका ओळीत.

‘मग विक्रीला किंमतच नाही का?’ असा सवाल येतो, नेहमी थोड्या दुखावलेल्या आवाजात. आहे ना. नोंदवलेल्या करारांची आहे. रद्द झालेली वजा करून उरलेल्यांची आहे. कर्जाची पात्रता तपासून घेतलेल्या टोकनाची तर फार आहे, कारण अकाउंट्सच्या माथी मारली जाणारी निम्मी थकबाकी विक्रीच्या टेबलावर त्याच दिवशी टाळता येते. त्या पाचातला वाहनकर्ज चुकवलेला ग्राहक टोकनाच्या दिवशीही तोच होता. क्रेडिट अहवाल मागवायला दहा मिनिटं लागली असती. ती कुणी घालवली नाहीत, कारण दहा मिनिटांत अहवाल वाईट निघाला असता तर त्या आठवड्याचं बुकिंग एकने कमी झालं असतं.

तेव्हा बिल्डर मंडळींना सांगणं एवढंच. येत्या सोमवारी बुकिंगचं पान मिटून ठेवा आणि चार गोष्टी विचारा. करार न झालेले फ्लॅट किती आणि प्रत्येक कशावर अडला आहे? या आठवड्यात किती नोंदण्या झाल्या? शेवटचा स्लॅब पडल्यापासून मागणीपत्र जायला किती दिवस लागले? आणि मुदत उलटलेली रक्कम कर, मुद्रांक शुल्क आणि टीडीएस बाजूला काढून किती, त्यातली किती मोजक्या फ्लॅटवर साचली आहे? ज्याला याची उत्तरं फ्लॅट क्रमांकांसह देता येतील, पेढ्यांचा बॉक्स त्याच्या टेबलावर ठेवा. ताथवड्याच्या त्या इमारतीत चौदा करार अजून नोंदवायचे आहेत, आणि तोवर त्यांतले ५ कोटी ४ लाख मागायचा अधिकार कंपनीला नाही.